प्रकल्प प्रस्तावातून डेटा व्यवस्थापन आराखडा: शेवटापासून मागे येत

संशोधनाला अनुदान देणाऱ्या बऱ्याच संस्था आता डेटा व्यवस्थापन आराखडा मागतात. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ पासून तो प्रस्तावासोबत जोडायला लावला. युरोपीय संघाच्या होरायझन युरोप कार्यक्रमात तो साधारणपणे सहाव्या महिन्यापर्यंत द्यायचा असतो. नमुना अर्ज मिळतो, त्यात साठवण, फॉरमॅट, शेअरिंग आणि जतन अशी शीर्षकं असतात, आणि नवखा माणूस वरून खाली भरत जातो. अडचण इथेच सुरू होते. डेटा कुठे ठेवायचा हे तो किती संवेदनशील आहे यावर ठरतं. फॉरमॅट कोणता हे पुढे तो कोण उघडणार यावर ठरतं. आणि कोणाला द्यायचा हे सहभागी लोकांनी कशाला संमती दिली यावर ठरतं. म्हणून आराखडा लिहिताना आधी शेवट ठरवावा आणि मग मागे यावं. अर्जाचा क्रम वेगळा असला तरी विचाराचा क्रम हाच ठेवा.

हे एका काल्पनिक प्रस्तावावर करून पाहू. विषय आहे घरातली हवा आणि झोप. मुदत ३ वर्षं. पद्धतीच्या भागात असं लिहिलंय:

"३० घरांमध्ये १२ महिने सेन्सर बसवून दर मिनिटाला सूक्ष्म धूलिकण, कार्बन डायऑक्साइड, तापमान व आर्द्रता नोंदवली जाईल. प्रत्येक घरातील दोन प्रौढांच्या सुमारे एक तासाच्या मुलाखती घेऊन त्यांचे लिखित रूपांतर व विषयवार विश्लेषण केले जाईल. निष्कर्षांची सांख्यिकीय तपासणी सहयोगी संस्थेत होईल. प्रकल्पाचा डेटा खुला केला जाईल."

## पहिली पायरी: क्रियापदं शोधा, यादी करा

प्रस्ताव पुन्हा वाचा, पण या वेळी फक्त क्रियापदांवर खूण करत. नोंदवणे, मुलाखत घेणे, लिखित रूपांतर करणे, विश्लेषण करणे, तपासणे. प्रत्येक क्रियापदापाशी दोन प्रश्न विचारा: यातून कोणती फाइल तयार होते, आणि ती कोणाच्या हातात असते?

"नोंदवली जाईल" या दोन शब्दांतून तीन गोष्टी निघतात: सेन्सरचा मूळ डेटा, दुरुस्त केलेला डेटा आणि तासाच्या सरासऱ्या. मुलाखतीतून ध्वनिफीत, मग लिखित प्रत, मग नावं-ठिकाणं काढलेली प्रत आणि विषयांच्या खुणा केलेली सॉफ्टवेअरमधली फाइल. "सहयोगी संस्थेत" म्हणजे डेटा एका संस्थेतून दुसरीकडे जाणार. तो ईमेलला जोडून जाणार का, हा प्रश्न आताच लिहून ठेवा.

आता जे प्रस्तावात लिहिलेलंच नाही ते शोधा. नवख्यांच्या आराखड्यात सर्वांत जास्त सुटतं ते हेच. ३० घरांना सेन्सर बसवायचे म्हणजे पत्ते आणि फोन नंबर असलेली एक यादी असणार, आणि कोणतं घर म्हणजे कोणता क्रमांक हे तिच्यातच असणार. तिला आपण किल्ली-यादी म्हणू. सही केलेली संमतीपत्रं असणार. वर्षभरात एखादा सेन्सर बिघडून बदलला जाणार, त्यामुळे कोणत्या घरात कोणत्या तारखेपासून कोणत्या अनुक्रमांकाचा सेन्सर होता याची नोंदवही लागणार. ती नसेल तर मार्चमध्ये धूलिकण अचानक वाढले ते हवेमुळे की नव्या सेन्सरमुळे, हे कोणालाच सांगता येणार नाही. शिवाय विश्लेषणाचा कोड असतोच. प्रस्ताव यांतल्या कशालाच "डेटा" म्हणत नाही, पण आराखड्यात यांना जागा हवी.

## दुसरी पायरी: आकार मोजा, आणि त्यातून काय कळतं ते बघा

मिनिटाला एक ओळ धरली तर एका घराच्या वर्षभराच्या ५,२५,६०० ओळी होतात. ३० घरांच्या मिळून १,५७,६८,००० ओळी. एका ओळीला सुमारे ६० बाइट धरले तर सगळं मिळून १ जीबीच्या आत बसतं. मुलाखती ६०. साध्या एकवाहिनी वेव्ह फाइलला, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटवर, तासाला सुमारे ३१८ एमबी लागतात. ६० तासांचे १९ जीबी. लिखित प्रती आणि कोड नगण्य.

म्हणजे सगळा प्रकल्प २५ जीबीच्या आसपास. हा आकडा आराखड्यात लिहाच, कारण परीक्षक तो शोधतात. पण त्यातून निघणारा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा आहे: या प्रकल्पात जागेचा प्रश्न नाही, कोणाला काय दिसतं याचा आहे. आराखड्याचा मोठा भाग त्यावर खर्च करायला हवा. सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमांचा किंवा जनुकक्रमाचा प्रकल्प असता तर याच्या उलट झालं असतं.

## तिसरी पायरी: प्रत्येक वस्तूचा शेवट ठरवा

यादीतली एकेक वस्तू घ्या आणि तिचं शेवटी काय होणार ते ठरवा. पर्याय तीनच आहेत: सर्वांसाठी खुली, अर्ज करणाऱ्या संशोधकाला अटींवर मिळणारी, किंवा नष्ट होणारी.

सेन्सरच्या डेटात नावं नाहीत, तेव्हा तो खुला करायला हरकत नाही, असं पटकन वाटतं. इथे थांबा. कार्बन डायऑक्साइडची दर मिनिटाची नोंद बघितली की घरात माणसं कधी असतात, रात्री खोलीत किती जण झोपतात आणि घर किती दिवस बंद होतं हे कळतं. माणसं असली की पातळी चढते, घर रिकामं झालं की उतरते. म्हणजे नाव नसलं तरी हा त्या कुटुंबाच्या दिनक्रमाचा आलेख आहे. त्याच्याजवळच वस्तीचा भाग, मजला आणि कुटुंबातली माणसं असे तीन रकाने असतील तर ३० पैकी बरीच घरं शेजाऱ्यांना ओळखता येतील. नाव काढून टाकणं पुरेसं नसतं. साधे वाटणारे रकाने एकत्र आले की माणूस ओळखू येतो. लटान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवलं होतं की फक्त पिनकोडसारखा विभाग क्रमांक, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावर अमेरिकेतली बहुसंख्य माणसं एकमेव ठरू शकतात.

तेव्हा आपला निर्णय असा: धूलिकण, तापमान आणि आर्द्रतेच्या तासाच्या सरासऱ्या खुल्या, कार्बन डायऑक्साइडची फक्त दिवसाची सरासरी खुली, आणि दर मिनिटाचा डेटा अटींवर. घराच्या ठिकाणाचा रकाना खुल्या फाइलमध्ये नाही. माणसांची संख्या "१ ते ३" आणि "४ किंवा जास्त" अशा दोन गटांत.

सगळा निर्णय एका तक्त्यात मांडला की आराखड्याचा कणा तयार होतो:

| वस्तू | शेवट | किती काळ |
|---|---|---|
| सेन्सरचा मूळ डेटा, सेन्सर नोंदवही | अटींवर | शेवटच्या शोधनिबंधापासून १० वर्षं |
| सरासऱ्यांची फाइल, कोड | खुली | ऑनलाइन डेटा-भांडारात कायम |
| ध्वनिफिती | नष्ट | लिखित प्रत तपासून होईपर्यंत, आणि सहभागींना माघार घेण्याची मुदत संपेपर्यंत |
| नावं काढलेल्या लिखित प्रती | अटींवर | १० वर्षं |
| किल्ली-यादी | नष्ट | ३६ व्या महिन्यापर्यंत |
| संमतीपत्रं | नष्ट | लिखित प्रती आहेत तोवर |

१० वर्षं हा अनेक संस्थांमध्ये रूढ असलेला आकडा आहे, पण तुमची संस्था, अनुदान देणारे आणि नैतिकता समिती यांपैकी ज्याची मुदत सर्वांत मोठी असेल ती लागू होते. ध्वनिफिती नष्ट करण्याआधीही हे विचारून घ्या. काही संस्था मूळ ध्वनिफितही ठराविक काळ ठेवायला लावतात. आणि मुदत कधीपासून मोजायची हे लिहायला विसरू नका. "१० वर्षं जतन" एवढंच लिहिलं तर प्रकल्प संपल्यापासून की निबंध छापल्यापासून हा वाद पुढे होतोच.

## चौथी पायरी: संमतीपत्र या तक्त्याला जुळवा

सगळ्या आराखड्यात मी एकच जागा तपासायला निवडायची झाली तर ही निवडेन. प्रस्तावात "डेटा खुला केला जाईल" असं असतं, आणि संमतीपत्र जुन्या प्रकल्पातून उचललेलं असतं. त्यात वाक्य असतं: "तुमची माहिती केवळ संशोधन पथकाकडे राहील व प्रकल्प संपल्यावर नष्ट केली जाईल." लोकांनी त्यावर सही केली की खुलं करण्याचा मार्ग बंद. नंतर ६० जणांना गाठून पुन्हा संमती घेणं बहुतेक वेळा जमत नाही, कारण काही जणांनी घर बदललेलं असतं.

म्हणून पहिला सेन्सर बसण्याआधी संमतीपत्रात तक्त्याशी जुळणारी वाक्यं घाला. उदाहरणार्थ: "तुमच्या घरातील हवेच्या नोंदींच्या सरासऱ्या, तुमचे नाव व पत्ता न देता, सर्वांना पाहता येतील अशा ठिकाणी ठेवल्या जातील. मुलाखतीची नावे काढलेली प्रत अन्य संशोधकांना गोपनीयतेचा करार केल्यावरच दिली जाईल. मुलाखतीनंतर तीन महिन्यांपर्यंत तुम्ही ती मागे घेऊ शकता." हवेच्या नोंदी आणि मुलाखत यांच्यासाठी वेगळे चौकोन ठेवा. एखाद्याला सेन्सर चालेल, पण मुलाखत इतरांना दिलेली चालणार नाही, आणि एकच चौकोन असेल तर तो दोन्हींना नकार देईल.

आणखी एक बारीक गोष्ट. संमतीपत्रावर घराला प्रकल्पात दिलेला क्रमांक लिहू नका. लिहिलात तर नाव आणि क्रमांक एकाच कागदावर येतात, आणि किल्ली-यादी नष्ट केली तरी दुसरी किल्ली कपाटात शिल्लक राहते.

## पाचवी पायरी: फॉरमॅट

सेन्सरने दिलेली मूळ फाइल कधीही बदलायची नाही. तिला फक्त-वाचन करून ठेवा आणि प्रत्येक दुरुस्ती कोडमधून, नव्या फाइलमध्ये करा. कामाचा फॉरमॅट म्हणून यूटीएफ-८ मधली सीएसव्ही पुरेशी आहे. ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते.

एक्सेल इथे धोक्याचं आहे, आणि त्याचं कारण अगदी ठोस आहे. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. आपल्या दोन घरांचं एक वर्ष म्हणजे १०,५१,२०० ओळी. दोन घरांची जोडलेली फाइल कोणी एक्सेलमध्ये उघडली, सूचना न वाचता जतन केली, की शेवटचे जवळपास दोन दिवस गेले. खूण अशी असते की फाइल नीट उघडते, आलेखही येतो, फक्त दुसऱ्या घराचं वर्ष थोडं आधी संपतं. म्हणून घरटी, महिन्याला एक फाइल ठेवा. नाव असं:

```
H07_sensor_2025-03_raw.csv
```

वेळ `2025-03-14T06:05:00Z` अशा रूपात, जागतिक प्रमाणवेळेत लिहा. जिथे वर्षातून दोनदा घड्याळं मागेपुढे करतात तिथे स्थानिक वेळ ठेवली तर एक तास दोनदा येतो आणि एक तास गायब होतो.

नोंद नसलेली जागा रिकामी ठेवा, शून्य घालू नका. आपल्या डेटात याची तपासणीही करता येते: बाहेरच्या मोकळ्या हवेतच कार्बन डायऑक्साइड दशलक्षात ४०० भागांच्या वर असतो, त्यामुळे त्या रकान्यात शून्य दिसलं तर ते नक्की बिघाडाचं आहे. धूलिकणांच्या रकान्यात मात्र शून्य खरंही असू शकतं. हा फरक रकान्यांच्या माहितीपत्रकात लिहून ठेवा. त्यात प्रत्येक रकान्याचं नाव, एकक आणि रिकाम्या जागेचा अर्थ एवढं असलं तरी चालतं.

ध्वनीसाठी वेव्ह किंवा फ्लॅक. फ्लॅकमध्ये आवाजातलं काहीही जात नाही आणि जागा कमी लागते. लिखित प्रती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. विषयांच्या खुणा केलेलं काम एका विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अडकू नये म्हणून ते क्यूडीपीएक्स या अदलाबदलीच्या फॉरमॅटमध्येही निर्यात करून ठेवा.

## सहावी पायरी: साठवण

शेवट ठरलेला असल्यामुळे साठवण आता सोपी होते. तीन वेगळ्या जागा लागतील. पहिली, संस्थेच्या सर्व्हरवरचा प्रकल्पाचा फोल्डर: सेन्सरचा डेटा, नावं काढलेल्या प्रती, कोड. दुसरी, कूटबद्ध आणि फक्त दोन व्यक्तींना उघडणारी: ध्वनिफिती आणि नावांसकटच्या प्रती. तिसरी, दुसरीपासूनही वेगळी: किल्ली-यादी. संख्याशास्त्रज्ञाला पहिल्या जागेचा प्रवेश द्या. त्याला किल्लीची गरज नाही, म्हणून तो सहयोगी संस्थेत असला तरी चालतं. पहिल्या पायरीत लिहून ठेवलेल्या ईमेलच्या प्रश्नाचं उत्तरही हेच.

प्रतींसाठी ३-२-१ हा नियम वापरा: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत. आपोआप जुळवून घेणारा क्लाउड फोल्डर यात सुरक्षा-प्रत म्हणून धरू नका. तिथे चुकून खोडलेली फाइल इतर सगळ्या संगणकांवरूनही खोडली जाते. जुन्या आवृत्त्या किती दिवस परत मिळतात ते विचारा आणि तो आकडा आराखड्यात लिहा.

मुलाखत घेणाऱ्याच्या रेकॉर्डरचाही उल्लेख हवा. ध्वनिफीत त्याच दिवशी सर्व्हरवर चढवायची, ती उघडते का ते पाहायचं, आणि मगच रेकॉर्डरवरून खोडायची. फोनवर ध्वनिमुद्रण करणार असाल तर फोन आपोआप कुठल्या वैयक्तिक क्लाउडवर प्रत पाठवतो का ते आधी तपासा.

फाइल बदलली किंवा बिघडली तर कळावं म्हणून दर महिन्याला पडताळणी-बेरीज करा:

```
sha256sum *_2025-03_raw.csv >> checksums.txt
sha256sum -c checksums.txt
```

पहिली ओळ महिन्याच्या फाइली आल्यावर, त्या महिन्याचा आकडा घालून, एकदाच चालवायची. दुसरी त्यानंतर केव्हाही. जी फाइल बदललेली असेल तिच्यापुढे `FAILED` दिसतं. आणि वर्षातून दोनदा सुरक्षा-प्रतीतून एक फोल्डर खरोखर परत आणून बघा.

## सातवी पायरी: शेअरिंग

"मागणी केल्यास डेटा दिला जाईल" हे वाक्य लिहू नका. मागणी करणाऱ्याला तीन वर्षांनी उत्तर कोण देणार, हे त्यात नसतं. त्याऐवजी भांडाराचं नाव लिहा. तुमच्या विषयाचं भांडार असेल तर ते आधी निवडा. Re3data या सूचीत शोधता येतं. नसेल तर झेनोडोसारखं सर्वसाधारण भांडार चालतं. २०१३ पासून चालणारं हे भांडार सर्न ही युरोपीय संशोधन संस्था चालवते. ते एका नोंदीत साधारणपणे ५० जीबीपर्यंत फाइली घेतं आणि डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, देतं. आपली सरासऱ्यांची फाइल त्यात सहज बसते.

परवानाही नावानिशी लिहा. डेटासाठी सीसी बाय म्हणजे श्रेय देऊन कोणीही वापरावं; कोडला सॉफ्टवेअरचा वेगळा परवाना द्यावा. वेळ निश्चित करा: पहिला निबंध छापला जाईल तेव्हा, पण कुठल्याही परिस्थितीत ३६ व्या महिन्याच्या आत. अटींवर मिळणाऱ्या डेटासाठी अर्ज कोणाकडे करायचा आणि निर्णय किती दिवसांत मिळेल तेही लिहा. अर्जाचा पत्ता व्यक्तीचा नसावा, विभागाचा असावा.

## आठवी पायरी: नष्ट करणं आणि लिहून काढणं

नष्ट करण्याची तारीख आली की मूळ फाइल खोडली जाते आणि सुरक्षा-प्रतीत ती तशीच राहते. सर्व्हरवरच्या जुन्या प्रती किती दिवसांनी पुसल्या जातात ते संगणक विभागाकडून विचारून घ्या. तो काळ ९० दिवस असेल तर किल्ली-यादी ३३ व्या महिन्यात खोडली पाहिजे, तरच ती ३६ व्या महिन्यात खरोखर नाहीशी झालेली असेल. आणि किल्ली गेल्यावर कोणाचा डेटा कोणता हे आपल्यालाही सांगता येणार नाही, म्हणूनच माघारीची मुदत त्याआधी संपलेली असावी लागते.

आता अर्ज भरायला बसा. प्रत्येक वाक्यात कोण, काय, कुठे आणि केव्हा हे चारही असावं. "डेटा सुरक्षित ठेवला जाईल" यात एकही नाही. त्याजागी: "क्षेत्र-सहायक मुलाखतीच्या दिवशीच ध्वनिफीत कूटबद्ध फोल्डरमध्ये चढवतील, प्रमुख संशोधक महिनाअखेरीस पडताळणी करतील." व्यक्तीच्या नावाऐवजी पद लिहा, कारण सहायक बदलतात.

या कामांना वेळ लागतो, आणि तो अंदाजपत्रकात धरायला हवा. एका मुलाखतीतली नावं, ठिकाणं, नोकरीचे तपशील काढायला दोन तास धरले तर ६० मुलाखतींचे १२० तास होतात. रकान्यांचं माहितीपत्रक आणि भांडारात चढवण्याचं काम यांना आणखी सुमारे आठवडाभर. प्रस्ताव अजून पाठवलेला नसेल तर हा खर्च आताच घाला.

शेवटी आराखड्यावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाका, आणि तो केव्हा पुन्हा बघायचा ते ठरवा: सेन्सर बसवण्याआधी, मुलाखती संपल्यावर, आणि ३३ व्या महिन्याच्या सुरुवातीला, किल्ली-यादी खोडण्यापूर्वी. मधे पद्धत बदलली, म्हणजे समजा झोप मोजणारं मनगटी यंत्र जोडलं, तर त्याच दिवशी पहिल्या पायरीच्या यादीत एक ओळ वाढवा आणि त्या ओळीचा शेवट काय ते तक्त्यात भरा.